एकाच कंपनीत १४ वर्षं काढली, आता दुसरीकडे अप्लाय करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये क्वालिटी आणि प्रोडक्शनच्या जागांसाठी मी बरीच वर्षं इंटरव्ह्यू घेतोय. दहा-बारा-पंधरा वर्षं एकाच ठिकाणी काढलेली माणसं समोर येतात तेव्हा प्रश्न साधारण तेच असतात, आणि इंटरव्ह्यूच्या आधी फोन करून ही मंडळी मला जे विचारतात तेही तेच असतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. सगळीकडे एकच उदाहरण वापरलंय: डिप्लोमा मेकॅनिकल करून २०११ मध्ये एका मशीनिंगच्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेला, आज सप्लायर क्वालिटी बघणारा असिस्टंट मॅनेजर. हा माणूस मी अनेकांवरून जोडून तयार केलाय, पण त्याची कामं खरी आहेत, या लाईनमधल्या कुणालाही ती ओळखीची वाटतील.

एकाच कंपनीत एवढी वर्षं म्हणजे रेझ्युमेवर मायनस पॉइंट आहे का?

नाही, पण समोरच्याच्या मनात शंका असतात आणि त्या तुम्हाला माहीत असायला हव्यात, कारण त्या कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही. पहिली शंका, हा माणूस १४ वर्षं शिकला की एकच वर्ष १४ वेळा जगला. दुसरी, याची कामं होतात ती याच्या कामामुळे की तिथे सगळे याला ओळखतात म्हणून, म्हणजे टूलरूमला फोन केला की फिक्स्चर तासाभरात दुरुस्त होऊन येतं, स्टोअरवाला इन्सर्ट काढून देतो, आमच्याकडे पहिल्या दिवशी याला कुणीच ओळखणार नाही तेव्हा काय. तिसरी, आमची पद्धत वेगळी निघाली तर हा ती शिकेल का रोज जुन्या कंपनीचे दाखले देत बसेल.

पॅनल तुम्हाला जे काही विचारतं ते फिरून फिरून या तीन शंकांवरच येतं. "स्वतःबद्दल सांगा" यातही त्याच असतात. म्हणून "मी खूप लॉयल आहे" हे उत्तर चालत नाही, कारण लॉयल असण्याबद्दल शंका कुणाला नव्हतीच.

रेझ्युमेत १४ वर्षं कशी लिहायची? माझं सगळं एकाच कंपनीच्या नावाखाली येतं.

बहुतेकांची गाडी इथेच अडकते. नेहमीचा रेझ्युमे असा असतो: कंपनीचं नाव, २०११ ते आजपर्यंत, हुद्दा असिस्टंट मॅनेजर क्वालिटी, आणि खाली बारा-पंधरा ओळी, "कस्टमर कंप्लेंट हाताळणे, ऑडिटला सामोरे जाणे, इन्स्पेक्शन रिपोर्ट तयार करणे, फाइव्ह एस राबवणे". यातलं २०१२ चं कुठलं आणि २०२४ चं कुठलं हे कळत नाही, त्यामुळे वाचणारा धरून चालतो की सगळी वर्षं हेच चाललं होतं.

कंपनी एक असली तरी काम तीन-चार वेळा बदललेलं असतं. ते बदल शोधायचे आणि प्रत्येकाला वेगळा तुकडा द्यायचा. कुठे तोडायचं हे ठरवताना फक्त प्रमोशनची तारीख बघू नका, चार गोष्टी बघा: पार्ट बदलला का, कस्टमर बदलला का, सिस्टिम बदलली का, आणि तुमच्या सहीने काय अडायला किंवा सुटायला लागलं. यातल्या दोन जरी एका वेळी बदलल्या असतील तर तिथे नवा तुकडा होतो.

आपल्या उदाहरणातल्या माणसाचे तुकडे असे पडतात.

२०११ ते २०१४, लाईन इन्स्पेक्शन. पार्ट कार्ब्युरेटर बॉडी, टू-व्हीलरसाठी. प्लग गेज, व्हर्निअर, गो-नो गो, दर तासाला पाच पीस तपासून शीटवर नोंद. सही फक्त शीटवर.

२०१४ ते २०१८, इन-प्रोसेस क्वालिटी. दोन शिफ्टचे इन्स्पेक्टर हाताखाली, गेजचं कॅलिब्रेशन, एमएसए, कंट्रोल चार्ट. याच काळात कंपनी टीएस १६९४९ वरून आयएटीएफ १६९४९ वर गेली. नवं स्टँडर्ड ऑक्टोबर २०१६ मध्ये आलं आणि जुनी सर्टिफिकेटं सप्टेंबर २०१८ पर्यंतच चालणार होती, तेवढ्यात सगळी डॉक्युमेंटं नव्याने करावी लागली आणि मशीन शॉपचा भाग याच्याकडे होता.

२०१८ ते २०२१, नवीन पार्ट डेव्हलपमेंट आणि कस्टमर क्वालिटी. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं, बहुतेक टू-व्हीलर कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या, म्हणजे ज्या पार्टवर या कंपनीचं पोट चालत होतं तोच बंद झाला. त्याच्या जागी थ्रॉटल बॉडी आली. नवा पार्ट, नवी फिक्स्चर, सीएमएम, लीक टेस्ट, पीपॅप, आणि कस्टमरच्या प्लांटमध्ये जाऊन उभं राहणं.

२०२१ पासून आजपर्यंत, सप्लायर क्वालिटी. नऊ कास्टिंग सप्लायर, ईव्ही मोटरचं हाउसिंग, सप्लायरच्या शॉपवर जाऊन ऑडिट.

हे वाचलं की कंपनीचं नाव मागे पडतं, कार्ब्युरेटर ते थ्रॉटल बॉडी ते मोटर हाउसिंग एवढा प्रवास दिसतो आणि पहिली शंका इंटरव्ह्यूच्या आधीच निम्मी मिटते. प्रत्येक तुकड्याखाली दोन किंवा तीन ओळी पुरे, त्याही जुन्या तुकड्यांना कमी आणि शेवटच्या दोघांना जास्त. लिंक्डइनवर एकाच कंपनीखाली वेगवेगळ्या पोझिशन टाकता येतात, तिथेही असंच तोडा.

माझं डेझिग्नेशन सात वर्षं "सीनियर इंजिनिअर"च होतं, मग तुकडे कसे पाडू?

डेझिग्नेशन आहे तेच लिहायचं, त्यात एक अक्षर बदलायचं नाही. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये एचआरकडून तारखा आणि हुद्दा तपासला जातो, आणि "टीम लीडर" लिहिलंय पण कागदावर "इंजिनिअर" आहे असं निघालं तर ऑफर मिळाल्यावरही ती परत जाते.

पण हुद्द्याखाली कामाचं नाव लिहायला कुणाची बंदी नाही. "सीनियर इंजिनिअर, २०१५ ते २०२२" ही एक ओळ, आणि तिच्या आत "२०१५ ते २०१८: इन-प्रोसेस, मशीन शॉप" आणि "२०१८ ते २०२२: नवीन पार्ट आणि कस्टमर क्वालिटी". आपल्याकडे मध्यम आकाराच्या कंपन्यांत हुद्दा तोच ठेवून काम दुप्पट करायची पद्धत आहे हे पॅनलवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, ते स्वतः त्यातून गेलेले असतात. त्यामुळे हुद्द्याची लाज वाटू देऊ नका, काम कधी बदललं ते मात्र सांगा.

आकडे टाका असं सगळे सांगतात, पण कुठले?

असे आकडे, ज्यांच्याबद्दल दोन प्रश्न विचारले तर तुम्ही न अडखळता सांगू शकाल. "रिजेक्शन ८० टक्क्यांनी कमी केलं" असं लिहिलं की मी लगेच विचारतो, कुठलं रिजेक्शन, आपल्या लाईनवरचं की कस्टमरकडून परत आलेलं, आणि किती पीसमागे. इथे अर्धे लोक गडबडतात.

उदाहरणातल्या माणसाचं असं आहे. थ्रॉटल बॉडी सुरू झाली तेव्हा महिन्याला साधारण ४०,००० पीस जायचे आणि कस्टमरच्या लीक टेस्टला १८ पडायचे, म्हणजे ४५० पीपीएम. नंतर ते महिन्याला दोनवर आले, म्हणजे ५० पीपीएम. रेझ्युमेत एवढंच: "थ्रॉटल बॉडी, कस्टमर लाईन रिजेक्शन ४५० वरून ५० पीपीएम". खरी मजा आहे ती कसं केलं यात, आणि ते तोंडी सांगायला राखून ठेवायचं.

गोष्ट अशी. आपल्या लाईनवर लीक टेस्टला पास झालेले पीस कस्टमरकडे फेल होत होते. सगळ्यांचं म्हणणं कास्टिंगमध्ये पोरोसिटी आहे, सप्लायरला झापा. याने तीन दिवस लाईनवर उभं राहून पाहिलं तर पीस वॉशिंग मशीनमधून गरम बाहेर यायचा आणि ऑपरेटर लगेच लीक टेस्टरवर लावायचा. ही टेस्ट प्रेशर किती पडतं ते मोजते. पीस गरम असेल तर आत भरलेली हवा तापते आणि प्रेशर वर जायला बघतं, त्यामुळे बारीक लीक असला तरी तो झाकला जातो आणि पीस ओके दाखवतो. कस्टमरकडे तोच पीस थंड अवस्थेत टेस्ट झाला की पडणारच. मग वॉशिंग आणि टेस्टिंगच्या मध्ये पीस थंड होईल एवढी जागा केली, आणि दर शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम लीक असलेला मास्टर पीस लावून मशीन त्याला पकडतं का हे बघायची सवय लावली. पोरोसिटी होतीच, ती सप्लायरकडे वेगळी सोडवली, पण ती आपल्याच दारात अडायला लागली.

हे सांगितल्यावर पॅनलला कळतं की हा माणूस गेजवर वाढलेला, आयुष्यभर डायमेन्शन मोजलेला, आणि तरी नवी टेस्ट आल्यावर ती आतून समजून घेतली. "मी लवकर शिकतो" हे वाक्य न म्हणता सिद्ध झालं.

जुन्या कंपनीची माहिती बाहेर सांगणं बरोबर आहे का?

कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग, किंमत, सप्लायरची नावं, यातलं काही सांगू नका. "एक मोठा टू-व्हीलर कस्टमर" एवढं पुरतं. मोबाईलमधले लाईनचे फोटो किंवा कंपनीची पीपीटी दाखवायला काढणारे उमेदवार मी पाहिलेत, आणि त्या क्षणी पॅनलवरचा प्रत्येक जण हाच विचार करतो की उद्या हा आमचेही फोटो असेच दाखवेल. समजावायचं असेल तर कोरा कागद मागा आणि हाताने स्केच काढा, ते जास्त चांगलं दिसतं.

"इतकी वर्षं तिथेच का राहिलात?" याला काय उत्तर द्यायचं?

खरं कारण द्यायचं, पण प्रत्येक टप्प्याचं वेगळं. १४ वर्षांना एकच कारण असू शकत नाही, आणि एकच कारण दिलं की ते सबबीसारखं वाटतं. घर जवळ होतं, आई-वडील सोबत होते, हप्ता चालू होता, ही कारणं खोटी नाहीत आणि एक वाक्य त्याला द्यायला हरकतही नाही, पण फक्त तेवढंच सांगितलं तर ऐकणारा म्हणतो की उद्याही हा सोयीप्रमाणेच ठरवेल.

साधारण असं बोलता येईल: "२०१४ च्या सुमाराला मी बाहेर बघत होतो, पण तेव्हाच मला इन-प्रोसेसला घेतलं आणि पहिल्यांदा माणसं हाताखाली आली, ते सोडून पुन्हा कुठे इन्स्पेक्टर म्हणून जाण्यात अर्थ नव्हता. २०१८ ला थ्रॉटल बॉडीचं डेव्हलपमेंट सुरू झालं, पार्ट शून्यापासून उभा करायची संधी दर वर्षी मिळत नाही, म्हणून पीपॅप होईपर्यंत आणि बीएस ६ चं व्हॉल्युम स्थिर होईपर्यंत थांबलो. २०२१ ला सप्लायर क्वालिटी मिळाली, ती मी मागून घेतली होती."

यात काय झालं बघा, प्रत्येक वेळी याने राहायचं ठरवलं असं दिसतं. नुसता पडून राहिला नाही. आणि शेवटचं "मागून घेतली" हे फार महत्त्वाचं, तुमच्या बाबतीत एकदा जरी तुम्ही स्वतः उठून काम मागितलं असेल तर ते नक्की सांगा. मागितलं नसेल तर जोडू नका, पुढचा प्रश्न "कुणाकडे मागितलं, ते काय म्हणाले" हाच असतो.

"मग आता का सोडताय?"

इथे उत्तर मागच्या उत्तराला जोडून यायला हवं. जे कारण राहण्याचं होतं ते आता संपलं, असं. "नऊच्या नऊ सप्लायर आता स्थिर आहेत, पुढची दोन वर्षं आमच्याकडे नवा पार्ट येणार नाही, मला फोर-व्हीलरच्या पार्टवर आणि मोठ्या सप्लायर बेसवर काम करायचंय, तुमच्या जाहिरातीत ते आहे." एवढं पुरे.

प्रमोशन हुकलं म्हणून सोडत असाल तर ते लपवायला जाऊ नका आणि उगाळतही बसू नका. "माझ्या वरची जागा एकच आहे आणि ती भरलेली आहे" हे सरळ वाक्य आहे, त्यात कुणाची निंदा नाही आणि ऐकणाऱ्याला लगेच पटतं. साहेबांबद्दल एक वाकडा शब्द गेला की १४ वर्षांचं चांगलं काम बाजूला राहतं आणि पुढचा अर्धा तास त्याच शब्दाभोवती फिरतो.

"आमच्या वातावरणात जुळवून घ्याल का?" हो म्हणण्यापलीकडे काय सांगणार?

हो तर सगळेच म्हणतात. दुसरी शंका आठवा, ओळखीच्या माणसांशिवाय याचं काम होईल का. याचा पुरावा तुमच्याच नोकरीत असतो, फक्त तो लांबच्या कोपऱ्यात असतो. जिथे तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं, तुमचं ऐकायला कुणी बांधील नव्हतं, आणि तरी काम झालं, अशी जागा शोधा. कस्टमरचा प्लांट, सप्लायरचं शॉप, कंपनीचा दुसऱ्या गावातला प्लांट, नव्याने आलेला मॅनेजर, दुसऱ्या कंपनीत विलीन झाल्यावर आलेली नवी पद्धत.

आपल्या माणसाकडे सप्लायरचं काम आहे म्हणून हे सोपं जातं. पहिल्यांदा एका छोट्या कास्टिंगवाल्याकडे ऑडिटला गेला, तिथले मालक स्वतः वीस वर्षं फौंड्री चालवणारे, याने चेकलिस्ट काढली की ते चहा मागवायचे आणि विषय बदलायचे. याच्या कंपनीतली वजन टाकायची पद्धत तिथे कामाची नव्हती. मग याने चेकलिस्ट बाजूला ठेवली, त्यांच्याच महिन्याभराच्या रिजेक्शनचा ढीग उघडला, पीस कापून पोरोसिटी कुठे येते ते त्यांच्या माणसांसोबत बघितलं, आणि दर महिन्याला पुन्हा वितळवायला जाणाऱ्या मालाचा खर्च मालकांना काढून दाखवला. त्यानंतर डायचं तापमान नोंदवणं त्यांनी स्वतःहून सुरू केलं.

हे उत्तर का चालतं, कारण यात त्याने आपली पद्धत बदलली आहे. जुळवून घेण्याचे किस्से सांगताना बरेच जण "मी त्यांना कसं सुधारलं" असं सांगतात, त्यातून फक्त एवढंच कळतं की हा बदलत नाही. किस्सा निवडताना स्वतःला विचारा, यात माझं काय बदललं. काहीच बदललं नसेल तर दुसरा किस्सा शोधा.

तुम्ही लांब नोकरी केलेल्यांना इंटरव्ह्यूत कुठे अडकताना बघता?

"आमच्याकडे असं करतात." हे वाक्य पंधरा मिनिटांत सात-आठ वेळा आलं की तिसरी शंका पक्की होते. बोलणाऱ्याला कळतही नाही, कारण १४ वर्षं "आमच्याकडे" हाच सगळ्या जगाचा पत्ता होता. त्याऐवजी "मी असं केलं, कारण" असं बोला. "आमच्याकडे पहिला पीस क्वालिटी तपासते" याऐवजी "टूल बदलला की पहिला पीस मी सीएमएमवर लावायचो, कारण बोअरची गोलाई गेजमध्ये दिसत नाही". कारण आलं की पद्धत तुमची होते, आणि कारण माहीत असलेला माणूस दुसरीकडे दुसरी पद्धत स्वीकारू शकतो.

दुसरं, घरचे शब्द. "शेड दोनला यलो टॅग लावून एमआरएमला टाकलं." तुमच्या कंपनीत यलो टॅग म्हणजे होल्ड असेल, दुसरीकडे रीवर्क असेल. इतकी वर्षं एका जागी राहिल्यावर हे शब्द अंगवळणी पडतात. एक उपाय सांगतो जो नक्की चालतो, वेगळ्या कंपनीत काम करणाऱ्या मित्राला किंवा मेव्हण्याला तुमचा एक किस्सा फोनवर सांगा आणि जिथे जिथे तो "म्हणजे काय?" विचारेल तो शब्द बदला.

तिसरं, "आम्ही". टीमला श्रेय देणं चांगलंच आहे, पण पॅनलला तुमचा हात कुठे होता ते हवंय. "टीमने पीपॅप केलं, त्यात कंट्रोल प्लॅन आणि गेजचं एमएसए माझ्याकडे होतं" असं वाटून सांगा.

मी एकाच सॉफ्टवेअरवर, जुन्याच पद्धतीने काम केलंय. जाहिरातीत वेगळंच मागतात.

आधी बघा की मागणी शिकता येण्यासारखी आहे का. तुमच्याकडे घरचं ईआरपी असेल आणि तिथे सॅप असेल, तर सॅप येतं असं म्हणू नका, "इनवर्ड, होल्ड, रिजेक्शन नोट, स्टॉक ट्रान्सफर हे सगळं मी आमच्या ईआरपीत करतो, स्क्रीन वेगळी असेल" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

पण तुमच्या विषयातलं ज्ञान मात्र जुनं राहून चालत नाही, आणि एकाच कंपनीत राहिल्याचा खरा तोटा तिथेच दिसतो. नेहमीचं उदाहरण एफएमईए. २०१९ मध्ये एआयएजी आणि व्हीडीए यांचं एकत्र हँडबुक आलं, त्यात तीन आकड्यांचा गुणाकार करून आरपीएन काढायची जुनी रीत जाऊन ॲक्शन प्रायॉरिटी आली, हाय, मीडियम, लो अशी. तुमच्या कस्टमरने अजून मागितलं नसेल तर तुम्ही आजही आरपीएन काढत असाल, त्यात तुमची चूक नाही. पण इंटरव्ह्यूत "शंभरच्या वर आरपीएन असेल तर ॲक्शन घेतो" एवढंच सांगून थांबलात तर समोरच्याला वाटतं की बाहेर काय बदललं ते याला माहीतच नाही. स्वतःच्याच एखाद्या पार्टचा जुना एफएमईए नव्या पद्धतीने करून बघा, सुट्टीच्या दिवशी बसलं की एका प्रोसेसचा होतो. मग सांगता येतं की कंपनीत आरपीएन चालतो, पण मी आमच्या ड्रिलिंगच्या ऑपरेशनला नव्या रीतीने लावून पाहिलं आणि सिव्हिरिटी जास्त असलेली, पण आरपीएन कमी म्हणून मागे पडलेली एक गोष्ट वर आली. सर्टिफिकेटच्या कोर्सपेक्षा हे जास्त वजनदार आहे.

आणि खरंच १४ वर्षं तेच काम केलं असेल तर?

अशीही माणसं असतात आणि त्यांना नोकरी मिळत नाही असं अजिबात नाही. पण त्यांनी रुंदी दाखवायला जाऊ नये, खोली दाखवावी. सीएमएमवर १४ वर्षं बसलेला माणूस असेल तर त्याला विचारून बघा, प्रोब कधी बदलायचा, पातळ भिंतीचा पीस क्लॅम्प केल्यावर बोअर का वाकडा दिसतो, सकाळच्या आणि दुपारच्या रीडिंगमध्ये फरक का येतो, तो अर्धा तास न थांबता बोलेल, आणि ही माहिती चार कंपन्या फिरलेल्याकडे बऱ्याचदा नसते.

फक्त ती जागा तशीच असायला हवी. स्टँडर्ड रूम, मेट्रॉलॉजी, टूलरूम, अशा ठिकाणी अप्लाय करा, जनरल क्वालिटी मॅनेजरच्या जागेसाठी नको. आणि तुकडे पाडायचे ते मशीन आणि पार्टवरून पाडा, कुठलं मशीन आल्यावर काय नव्याने मोजायला लागलात. खोटे तुकडे मात्र पाडू नका, "त्या काळातलं एक अवघड काम सांगा" म्हटल्यावर ते दोन मिनिटांत उघडे पडतात.

रेफरन्स कुणाचा देऊ? माझे सगळे ओळखीचे त्याच कंपनीत आहेत.

जे सोडून गेलेत त्यांचा द्या. १४ वर्षांत तुमचे दोन-तीन साहेब आणि कितीतरी सहकारी बाहेर पडलेले असतात, ते आज दुसरीकडे चांगल्या जागी असतात, आणि त्यांनी तुम्हाला वेगवेगळ्या टप्प्यावर पाहिलेलं असतं. २०१५ चा साहेब आणि २०२० चा साहेब असे दोन दिलेत तर दोघांच्या बोलण्यातूनच वाढ दिसते. आधी फोन करा, सहा वर्षांनी एकदम कुणा एचआरचा फोन आला की माणूस गोंधळतो, कुठल्या जागेसाठी आहे आणि कुठलं काम आठवायचं ते सांगून ठेवा. चालू कस्टमर आणि सप्लायर यांचा रेफरन्स टाळा, त्यांचे पैशाचे संबंध तुमच्या कंपनीशी आहेत आणि बातमी फिरायला एक दुपार पुरते.

पगार कमी राहिलाय, तो सांगितला की ऑफर पण कमीच येते.

एका जागी राहिल्यावर हे होतंच, दर वर्षीच्या वाढीवर पगार चालतो आणि बाजार पुढे निघून जातो. आकडा खोटा सांगू नका, सॅलरी स्लिप मागतातच. पण तो आकडा यायच्या आधी जागेच्या कामाची चर्चा होऊ द्या आणि अपेक्षा सांगताना टक्के वापरू नका. "सध्याच्या पगारावर ३० टक्के" म्हटलं की तुम्हीच जुन्या पगाराला खुंटी ठोकली. "या कामाला, एवढ्या सप्लायरसाठी, या पट्ट्यात जे मिळतं ते मला हवंय, माझ्या चौकशीनुसार ते इतकं आहे" असं म्हणा, आणि चौकशी खरंच करा, बाहेर पडलेले तेच जुने सहकारी याही कामाला येतात.

नोटीस पीरियड तीन महिने आहे, एवढ्या वर्षांनी लवकर सोडतील का?

जुन्या माणसाला लवकर कुणी सोडत नाही, उलट थांबवायला पगारवाढ पुढे करतात. म्हणून "महिन्यात येतो" असं कबूल करू नका. अपॉइंटमेंट लेटर काढून त्यात पैसे भरून नोटीस कमी करता येते का ते आधीच वाचा. पॅनलला हेही विचारायचं असतं की काउंटर ऑफर आली तर काय कराल, कारण लांब नोकरीवाले शेवटच्या आठवड्यात मागे फिरतात असा अनुभव सगळ्यांना आहे. याला उत्तर घरी बसून आधी ठरवलेलं असावं. "मला पार्ट आणि सप्लायर बेस बदलायचाय, तो तिथे पगार वाढवून मिळत नाही" हे उत्तर चालतं, पण सोडण्याचं कारण तुम्ही सुरुवातीला तेच सांगितलं असेल तरच.

दुसऱ्या राउंडला विचारतात, "पहिल्या तीन महिन्यांत काय कराल?" १४ वर्षांनी पहिल्यांदाच नवीन होणार, काय सांगू?

काय सुधाराल याची यादी देऊ नका, तुम्ही त्यांचं शॉप अजून पाहिलेलं नाही. काय बघाल ते सांगा. "पहिला महिना लाईनवर, तिन्ही शिफ्ट एकेकदा, मागच्या सहा महिन्यांच्या कस्टमर कंप्लेंट आणि त्यांचे एट-डी वाचीन, ज्या कंप्लेंट पुन्हा आल्यात त्या बाजूला काढीन. दुसऱ्या महिन्यात त्या पार्टच्या सप्लायरकडे जाऊन येईन. तिसऱ्यात त्यातली एक कंप्लेंट माझ्या नावावर घेईन." आणि एक गोष्ट त्यांनाच विचारा, तुमच्याकडे लाईन थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे, इन्स्पेक्टरकडे का मॅनेजरकडे. प्रत्येक कंपनीत हे वेगळं असतं, आणि एकाच ठिकाणी १४ वर्षं काढलेला माणूस हे विचारतो तेव्हा पॅनलला कळतं की इथलं सगळं वेगळं असू शकतं हे त्याने धरलंय. त्यांचं उत्तर नीट ऐका, शक्य असेल तर वहीत लिहून घ्या, कारण जॉइन झालात तर पहिल्याच आठवड्यात त्याची गरज पडेल.